द्यूतकाराच्या दिवाळ्याचा पाठ : एक समीक्षा

प्रसंभाव्य प्रक्रियांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात यादृच्छिक भ्रमण आणि द्यूतकाराचे दिवाळे हा भाग बहुधा पहिल्या चार-पाच तासांतच उरकला जातो. फळ्यावर एक सरळ रेषा काढावयाची, तिच्या एका टोकास शून्य व दुसऱ्या टोकास a लिहावयाचे, मध्ये z हे आरंभीचे भांडवल दाखवावयाचे; मग p या संभाव्यतेने एक पाऊल उजवीकडे आणि q या संभाव्यतेने एक पाऊल डावीकडे असे सांगून अंतर-समीकरण मांडावयाचे, ते सोडवावयाचे, आणि पुढच्या तासाला मार्कोव्ह शृंखलांकडे वळावयाचे. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हा पाठ याच रीतीने दिला आहे. तो चुकीचा नाही. पण तो ज्या ठिकाणी थांबतो ते ठिकाण चुकीचे आहे, असे आता वाटू लागले आहे. तसे वाटण्यास एका विद्यार्थ्याचा प्रश्न कारणीभूत झाला.

नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुक्यात, तापीच्या उत्तरेस, सहकारी साखर कारखान्याच्या आश्रयाने वाढलेले पुरुषोत्तमनगर हे गाव आहे. तेथे सुट्टीत जमलेल्या सहा-सात पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे वरील पाठ नेहमीप्रमाणे झाला. शेवटी एकाने विचारले, "सर, एक रुपया जिंकायचा किंवा एक रुपया हरायचा, असा जुगार आमच्याकडे कोणी खेळत नाही. आकडा लावतात. त्याला हे सूत्र कसे लावायचे?" प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर तत्काळ देता आले नाही हे कबूल केले पाहिजे. अधिक उद्बोधक गोष्ट अशी, की वर्गातील दोघांनी ते उत्तर तत्काळ दिले. दोन्ही उत्तरे निराळी होती आणि दोन्ही चूक होती.

आकडा म्हणजे काय हे तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगावे लागेल. न्यू यॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना व मिटताना जे भाव फुटत, त्यांच्या अंकांवर मुंबईत पैसे लावले जात. १९६१ साली हा मार्ग बंद झाला. तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी, आणि १९६४ मध्ये थोडे निराळे नियम करून रतन खत्री यांनी, आकडे येथेच काढण्याची पद्धत रूढ केली. मटका हे नाव चिठ्ठ्या काढण्याच्या मडक्यावरून पडले. पुढे मडके जाऊन पत्ते आले, तरी नाव राहिले. शून्य ते नऊ यांतील तीन अंक काढावयाचे, त्यांची बेरीज करावयाची, आणि बेरजेचा एकं स्थानचा अंक तो त्या वेळचा आकडा. उदाहरणार्थ २, ५ आणि ८ निघाले तर बेरीज १५ आणि आकडा ५. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याचे अस्तित्व या व्यवहाराला कधी फारसे जाणवले असे दिसत नाही; पण तो आपला विषय नव्हे.

आपला विषय असा, की काढणारा हातचलाखी करीत नसेल तर दहाही आकड्यांची संभाव्यता समान, म्हणजे एकदशांश, असते. अंक पुन्हा येऊ शकत असतील तर हे उघडच आहे. ते परत न येणारे असले तरीही हे खरे आहे, आणि त्याचे कारण मोठे सुंदर आहे: तिन्ही अंकांत एकेक मिळवून दहाच्या पटी टाकल्या, की एका निवडीतून दुसरी तितकीच संभाव्य निवड मिळते आणि बेरीज तीनने सरकते. तीन आणि दहा यांना सामाईक विभाजक नसल्यामुळे असे सरकत सरकत दहाही आकडे गाठले जातात. एका आकड्यावर लावलेल्या रुपयास नऊ रुपये मिळतात, आणि लावलेला रुपया त्यातच धरलेला असतो, असा भाव येथे गृहीत धरू. म्हणजे एका डावात खेळणारा एकदशांश संभाव्यतेने ८ रुपये पुढे जातो व नऊदशांश संभाव्यतेने १ रुपया मागे येतो. एका डावातील सरासरी हानी

0.9 × 1 − 0.1 × 8 = 0.1

म्हणजे रुपयामागे दहा पैसे होते.

आता प्रश्न निश्चित करू. एकाजवळ ५० रुपये आहेत. तो दर वेळी एकच रुपया लावतो. १०० रुपये किंवा अधिक झाले की उठावयाचे, नाहीतर सर्व गमावून उठावयाचे, असा त्याचा निश्चय आहे. तो यशस्वी होण्याची संभाव्यता किती?

पहिल्या विद्यार्थ्याने p = 0.1 व q = 0.9 घेतले आणि पाठातील सूत्रात घातले. r = q/p लिहिले असता ते सूत्र असे आहे:

(r^z − 1) / (r^a − 1)

येथे a हे z च्या दुप्पट असल्यामुळे त्याचे रूप 1/(r^50 + 1) असे सोपे होते. r = 9 घेतल्यावर येणारी संख्या इतकी लहान आहे, की दशांशचिन्हापुढे सत्तेचाळीस शून्ये लिहावी लागतात. ही चूक ढोबळ आहे. एक रुपयाच्या हानीसमोर आठ रुपयांचा लाभ आहे ही गोष्टच या उत्तरात विसरली गेली आहे, आणि वर्गाने ती लगेच दाखवून दिली.

दुसऱ्याचे उत्तर अधिक विचारपूर्वक होते, म्हणून अधिक धोक्याचे होते. तो म्हणाला, आकड्यात रुपयामागे दहा पैसे जातात; तेव्हा ज्या साध्या खेळात रुपयामागे दहा पैसेच जातात तो घ्यावा, म्हणजे p = 0.45 व q = 0.55. दोन्हींची अपेक्षा समान, म्हणून दिवाळ्याची संभाव्यताही समान असली पाहिजे. आता r = 11/9, त्याचा पन्नासावा घात सुमारे २२,७७८, आणि यशाची संभाव्यता साधारण २२,७७९ मध्ये एक. या उत्तरावर वर्गात कोणी आक्षेप घेतला नाही. लेखकानेही त्या क्षणी घेतला नाही.

खरे उत्तर ०.२०२ आहे, म्हणजे जवळजवळ पाचांत एक. पाच आणि बावीस हजार यांतील हे अंतर किरकोळ दुरुस्तीने भरून निघणारे नाही. विद्यार्थ्याच्या डोक्यात संपूर्ण चुकीचे चित्र उभे राहिले होते, आणि ते आपल्या पाठाने उभे केले होते.

हे कसे घडले ते पाहण्यासाठी जरा मागे जाणे उपयुक्त ठरेल. क्रिस्तियान हायगेन्सच्या १६५७ सालच्या द्यूतगणितावरील पुस्तिकेत शेवटी पाच प्रश्न वाचकांसाठी ठेवले आहेत. त्यांतील पाचवा प्रश्न हा आपल्या पाठाचा मूळपुरुष होय. दोन खेळाडूंजवळ प्रत्येकी १२ नाणी आहेत आणि ते तीन फासे टाकतात. अकरा पडले तर पहिल्याने दुसऱ्यास एक नाणे द्यावयाचे, चौदा पडले तर दुसऱ्याने पहिल्यास. ज्याच्याकडे सर्व नाणी जमतील तो जिंकला. तीन फाशांत चौदा १५ प्रकारांनी पडतात व अकरा २७ प्रकारांनी. म्हणून पाच आणि नऊ यांचे गुणोत्तर, आणि जिंकण्याच्या संधींचे गुणोत्तर त्यांच्या बाराव्या घातांचे: २४,४१,४०,६२५ ला २,८२,४२,९५,३६,४८१. हायगेन्सने हेच उत्तर दिले आहे. २१६ पैकी १७४ प्रकारांत काहीच घडत नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. त्या फुकट फेकींमुळे खेळ लांबतो, पण कोण जिंकणार यावर त्यांचा परिणाम होत नाही.

या प्रश्नात एक नाणे जावयाचे किंवा एक यावयाचे. तिसरी गोष्ट नाही. अशा खेळात अपेक्षा ठरली की सर्व काही ठरते, कारण (फुकट फेकी वगळल्यावर) पावलांचा वर्ग नेहमी एकच असतो. साडेतीनशेहून अधिक वर्षे आपण हा प्रश्न त्याच रूपात शिकवीत आलो. परिणामी विद्यार्थ्याच्या मनात अशी समजूत रुजते, की दिवाळ्याची संभाव्यता ही p आणि q यांची, किंवा फार तर अपेक्षेची, गोष्ट आहे. ही समजूत आपण शब्दाने कधी सांगत नाही. पण जे उदाहरण देतो त्यात ती खोटी ठरण्यास जागाच ठेवीत नाही.

आता योग्य मार्ग. तो कठीण नाही, आणि पाठातील कल्पना टाकून न देता तिच्यातूनच निघतो. साध्या भ्रमणात (q/p) या संख्येचे महत्त्व कशामुळे? z भांडवल असताना (q/p)^z ही राशी घेतली, तर एका डावानंतर तिची अपेक्षा तितकीच राहते. म्हणजे ती मार्टिंगेल आहे. आकड्याच्या खेळात हीच मागणी x^z या राशीविषयी केली, तर x ने पुढील समीकरण पाळले पाहिजे:

0.1x^9 − x + 0.9 = 0

x = 1 हे एक मूळ आहे, पण ते निरुपयोगी आहे. अपेक्षा ऋण असल्यामुळे एकाहून मोठे असे दुसरे एकच धन मूळ असते, आणि ते 1.02612 येते. साध्या खेळात त्याच जागी 1.2222 होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही खेळांत रुपयामागे दहा पैसेच जात आहेत, आणि तरीही ज्या संख्येचा पन्नासावा घात करावयाचा ती एका ठिकाणी एकाहून बावीस शतांशांनी मोठी आहे, तर दुसऱ्या ठिकाणी तीन शतांशांनीही नाही. 1.02612 चा पन्नासावा घात केवळ 3.630 होतो.

येथून सूत्र पूर्वीसारखेच लिहिले, तर 1/(3.630 + 1), म्हणजे 0.216 येईल. पण येथे एक अडचण आहे, आणि ती दडवणे अप्रामाणिक होईल. साध्या भ्रमणात माणूस बरोबर १०० वर पोचतो. आकड्यात तो आठ पावलांची उडी मारतो, म्हणून ९२ पासून ९९ पर्यंत कोठूनही उडून तो १०० ते १०७ यांपैकी कोठेही उतरतो. मार्टिंगेलची समता लिहिताना वरच्या टोकाचे मूल्य x^100 आणि x^107 यांच्या दरम्यानचे धरावे लागते. म्हणून यशाची संभाव्यता 0.178 व 0.216 यांच्यामध्ये आहे इतकेच या मार्गाने सिद्ध होते. खालच्या बाजूस ही अडचण नाही, कारण हरताना एकेकच पाऊल मागे येते आणि शून्य ओलांडता येत नाही.

अनेकदा इतके पुरते. पण नेमके मूल्य हवे असेल तर खालच्या बाजूच्या याच सोयीचा उपयोग करून घेता येतो, आणि या ठिकाणी विद्यार्थ्यांना खरा आनंद झाला. भांडवल z असताना दिवाळ्याची संभाव्यता h(z) मानू. तिचे समीकरण h(z) = 0.9 h(z − 1) + 0.1 h(z + 8) असे आहे. ते उलटवून लिहिले तर

h(z − 1) = (10 h(z) − h(z + 8)) / 9

१०० पासून वर सर्वत्र h शून्य आहे. h(99) माहीत नाही. त्याला तात्पुरते 1 म्हणावे. मग h(98) म्हणजे 10/9, आणि तसेच एकेक पायरी खाली उतरत शून्यापर्यंत यावे. शून्यावर h चे खरे मूल्य 1 असले पाहिजे; म्हणून खाली आल्यावर जे h(0) मिळेल त्याने सर्वांना भागले की काम झाले. नव्व्याण्णव समीकरणे, पण अज्ञात एकच. साध्या गणकयंत्रावर हे तासाभराचे काम आहे. h(50) ला h(0) ने भागले असता 0.798 येते, म्हणून यश 0.202, आणि ते वरील दोन मर्यादांच्या आत बसते.

अशा लांब गणितात एक चूक झाली की ती शेवटपर्यंत वाहत जाते. म्हणून ते करण्यापूर्वी लहान उदाहरणावर ते पारखून घ्यावे. ५० रुपयांऐवजी ५ रुपये आणि १०० ऐवजी १० घेऊ. वरून खाली उतरताना पहिल्या नऊ पदांत केवळ 10/9 चे घात येतात, दहावे पद 2.470 येते, आणि दिवाळ्याची संभाव्यता 1.524/2.470, म्हणजे 0.617 होते. यश 0.383. आता तेच सूत्राशिवाय मोजू. पहिल्या चार डावांत एकदा तरी आकडा लागला तर १० गाठले गेले. त्याची संभाव्यता 1 − 0.9^4, म्हणजे 0.344. चारही हरले तर एक रुपया उरतो. पाचव्या डावात आकडा लागला तर ९ होतात, १० नाहीत. (हा ९ चा टप्पा विद्यार्थी हटकून विसरतात.) तेथून पुढे यशाची संभाव्यता 1 − 1/2.470, म्हणजे 0.595. तेव्हा 0.6561 × 0.1 × 0.595, म्हणजे 0.039 यांची भर पडते, आणि बेरीज 0.383. उत्तर जुळले. ही पारख केल्याशिवाय मोठे गणित स्वीकारू नये, असा नियम आम्ही त्या वर्गापुरता केला.

मूळ प्रश्नाकडे वळू. समान अपेक्षा असूनही दोन खेळांत इतका भेद का? वरील समीकरणातील x च्या ऐवजी e^θ लिहावे आणि θ लहान आहे असे समजून विस्तार करावा. पहिल्या दोन पदांवर थांबले तर

θ ≈ 2 × (सरासरी हानी) / (पावलाच्या वर्गाची सरासरी)

असे मिळते. आकड्यात पावलाच्या वर्गाची सरासरी 0.1 × 64 + 0.9 × 1, म्हणजे 7.3, साध्या खेळात ती 1. अंश दोन्हीकडे 0.2. म्हणून θ एका ठिकाणी 0.0274 आणि दुसऱ्या ठिकाणी 0.2. खरी मूल्ये अनुक्रमे 0.0258 आणि 0.2007 आहेत, तेव्हा हे आसन्नमूल्य वाईट नाही; आकड्याच्या बाबतीत ते सहा टक्क्यांनी चुकते याचे कारण पावलाचे वितरण अत्यंत विषम आहे आणि आपण तिसरे पद सोडले आहे. सारांशाने नव्हे तर अक्षरशः, दिवाळे ठरविणारी राशी हानी नसून हानीचे प्रचरणाशी असलेले गुणोत्तर आहे. प्रवाह कितीही निश्चितपणे खाली नेत असला, तरी लाटा मोठ्या असतील तर त्यांतील एखादी माणसाला काठावर फेकू शकते.

लावण्याच्या रकमेचा परिणामही यातच आला. त्याच ५० रुपयांनिशी साध्या खेळात दर वेळी दहा रुपये लावले तर z पाच होतो, a दहा होतो, आणि यशाची संभाव्यता बावीस हजारांत एक यावरून एकदम 0.268 वर जाते. भांडवल रुपयांत न मोजता डावांत मोजावयाचे असते, हे वाक्य आपण वर्गात सांगतो. पण ते का, हे θ दाखविल्याखेरीज विद्यार्थ्याला उमगत नाही. रक्कम दहापट केली की हानी दहापट होते आणि वर्ग शंभरपट, एवढाच त्याचा अर्थ.

येथपर्यंत आल्यावर त्याच विद्यार्थ्याने दुसरा प्रश्न केला, आणि तो पहिल्याहून खोल होता. उठून जाण्याचा निश्चय कोणी खरोखर पाळतो का? समजा, वरची सीमाच नाही. माणूस पैसे संपेपर्यंत खेळतो. तर मग?

मग दोन्ही खेळांत दिवाळे निश्चित. आणि त्याला लागणाऱ्या डावांची सरासरीही दोन्हीकडे बरोबर एकच: ५० भागिले ०.१, म्हणजे ५०० डाव. येथे अपेक्षेची समानता पूर्णपणे उपयोगी पडते, आणि नेमके याच ठिकाणी बहुतेक पाठ्यक्रम समाधानाने थांबतात. पण सरासरी कोणाची? शून्यापर्यंत पोचणे म्हणजे एकेक रुपयाने खाली येण्याच्या पन्नास स्वतंत्र टप्प्यांची बेरीज. त्यावरून डावांच्या संख्येचे प्रचरण काढता येते. ते z गुणिले एका पावलाचे प्रचरण भागिले हानीचा घन इतके असते. साध्या खेळात प्रमाण विचलन सुमारे २२२ डाव येते; आकड्यात सुमारे ६०४, म्हणजे सरासरीहूनही मोठे. दिवाळ्याच्या कालाचे वितरण आसन्न पद्धतीने, म्हणजे सतत प्रसरणाच्या सूत्राने, मोजले तर साध्या खेळात निम्मे लोक ४५५ डावांच्या सुमारास बुडालेले असतात, पण आकड्यात निम्मे लोक तीनशेच्या आतच बुडतात. मग आकड्यातील सरासरी पाचशेवर कशी टिकते? बाकीच्यांपैकी काही थोडे फार लांबवर खेळत राहतात, म्हणून. गावातील आकडा लावणाऱ्यांत जो एखादा वर्षानुवर्षे टिकून असतो आणि ज्याच्या कथा इतरांना सांगितल्या जातात, तो या वितरणाच्या लांब शेपटातला माणूस होय. त्याच्याजवळ काही युक्ती असावी असा समज होतो. गणिताला मात्र तो अपेक्षितच असतो, आणि पुढेमागे त्याचेही दिवाळे निश्चित असते.

शंभराला उठण्याचा निश्चय केलेल्या माणसाचा खेळ, ताडून पाहण्यासाठी, आकड्यात सरासरी तीनशेच्या किंचित आतच संपतो, एक तर यशाने नाहीतर दिवाळ्याने. साध्या खेळात तो जवळजवळ ५०० डाव चालतो आणि प्रायः नेहमी दिवाळ्यानेच संपतो. केवळ अपेक्षेवर भिस्त ठेवणाऱ्यास यांपैकी काहीच दिसत नाही.

विल्यम फेलरच्या सुप्रसिद्ध ग्रंथावर हा दोष लादणे अन्यायाचे होईल. त्याच्या पहिल्या खंडाच्या १९६८ च्या आवृत्तीत चौदावे प्रकरण यादृच्छिक भ्रमण व दिवाळ्याचे प्रश्न यांनाच वाहिलेले आहे, आणि त्यातील आठव्या कलमात कोणत्याही आकाराची पावले घेऊन वर वापरलेल्या दोन मर्यादांसारख्याच मर्यादा काढलेल्या आहेत. ते कलम क्रमिक नमुना-परीक्षणाच्या निमित्ताने आले आहे. अब्राहम वाल्डने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मालाची तपासणी लवकर संपविण्यासाठी जी पद्धत बसविली आणि १९४७ साली ग्रंथरूपाने मांडली, तिचे गणित हेच आहे. तेथे द्यूतकार नाही, पण दोन सीमा आहेत, पावले असमान आहेत, आणि सीमा ओलांडून पडण्याची अडचणही तीच आहे. आपले अभ्यासक्रम मात्र दुसऱ्या-तिसऱ्या कलमाशीच थांबतात, कारण तेथपर्यंतचे सूत्र आटोपशीर आहे आणि परीक्षेत पाच गुणांना बसते. आटोपशीरपणाची किंमत मागच्या बाकावरून आलेल्या एका प्रश्नात वसूल झाली.

वरील विवेचनालाही मर्यादा आहेत. डाव परस्परांपासून स्वतंत्र आहेत आणि लावलेली रक्कम बदलत नाही, ही गृहीतके खऱ्या आकड्यात क्वचितच टिकतात. हरलेला माणूस रक्कम वाढवितो, आणि मग z चे एक पाऊल कशाला म्हणावे हेच ठरत नाही. अशा वेळी x^z ही मार्टिंगेल राहत नाही. रक्कम दुप्पट करीत जाण्याच्या प्रसिद्ध पद्धतीला ५० रुपयांचा माणूस सलग पाच हारींपर्यंतच पुरतो, कारण 1 + 2 + 4 + 8 + 16 म्हणजे ३१, आणि सहाव्या डावासाठी ३२ हवे असताना १९ च उरतात. आकड्यात सलग पाच हारींची संभाव्यता 0.59 आहे. ते गणित वेगळ्या रीतीने, अवस्थेत शिल्लक आणि चालू रक्कम दोन्ही धरून, मांडावे लागते.

पुरुषोत्तमनगरच्या त्या वर्गाला शेवटी एक प्रश्न घरी करण्यास दिला होता, तो येथेही देतो. आकडा खेळवणाऱ्यालाही भांडवल असते, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर पावले उलटी होतात: बहुतेक वेळा एक रुपया येतो, क्वचित आठ जातात. त्याचा प्रवाह वर आहे, म्हणून त्याचे दिवाळे निश्चित नाही. पण आता ओलांडून पडण्याची अडचण शून्याच्या बाजूस आली आहे. त्याच्याजवळ ५० रुपये असतील आणि तो कधीच न उठता खेळवीत राहिला, तर त्याचे दिवाळे निघण्याची संभाव्यता कोणत्या दोन मर्यादांमध्ये येते? त्याच मुळाने, 1.02612 ने, उत्तर काढावे. आणि ते किती मोठे येते ते पाहून मग खेळवणाऱ्याला रोजच्या अनेक गिऱ्हाइकांची गरज का असते याचा विचार करावा.